बोलायचा पेडल

कॉम्प्युटरच्या इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर ‘भाऊ’ लिहायचं तर शिफ्टची कळ दोनदा दाबावी लागते. ‘दादा’ लिहायला एकदाही नाही. ख, घ, ठ, थ, ध, भ, ण, ळ, श ही सगळी अक्षरं शिफ्ट दाबूनच येतात, आणि अ, आ, इ, ई हे सगळे स्वरही. म्हणजे जवळजवळ प्रत्येक शब्दाला शिफ्ट. ती दाबायचं काम करंगळीचं, आणि हाताच्या सगळ्या बोटांत तीच कमजोर.

माझं पोट टायपिंगवर चालतं. वाशीमला कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात मी सुरुवात केली, पुढे घरूनच काम करू लागले. लोकांनी रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि जसंच्या तसं लिहून द्यायचं. वकील पाठवतात, मुलाखती घेत हिंडणारे अभ्यासक पाठवतात. पुण्या-मुंबईच्या टायपिस्टांना आमच्याकडचं बोलणं कळत नाही. ‘काहून’ म्हणजे ‘का’, पण ते त्याला ‘कानून’ लिहितात. त्यामुळे मला काम कमी पडलं नाही.

या कामात दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून आवाज चालवायचा-थांबवायचा तो पायाने. माझ्या उजव्या पायाखाली एक पेडल असे. दाबला की रेकॉर्डिंग सुरू, सोडला की बंद, आणि पुन्हा दाबला की दोन सेकंद मागून सुरू. डावा पाय रिकामाच असायचा.

करंगळी आधी दुखायला लागली, मग बधिर झाली. सकाळी चहाचा कप उचलताना ती बाकीच्या बोटांपासून दूर राही. डॉक्टर म्हणाले, काम बंद ठेवा. मी नवऱ्यापासून वेगळी होऊन दादाकडे राहायला आले होते. काम बंद ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं.

दादा म्हणाला, “डावा पाय तुहा नुसता बसूनच हाय ना? त्याले लाव कामाले.”

दादा गायन पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. भीमगीतं, बुद्धगीतं. जयंतीच्या हंगामात पार्टी वाशीम, मालेगाव, अनसिंग, कारंजा असं सगळीकडे फिरे. आमचे वडील अनसिंगला मजुरी करत. घरात वाजवणारा दादा पहिलाच. चाली बसवायचा तोच, कोणत्या गाण्याला कोणता ठेका हे ठरवायचा तोच. पायाने वाजवायचं म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

त्याने माझ्यासाठी कॉम्प्युटरचा एक तयार पेडल मागवला. तो उपयोगी पडला नाही. पाय ठेवला की तो कळ दाबून लगेच सोडून देई. मी पाय तसाच दाबून धरला तरी कॉम्प्युटरला वाटे, शिफ्ट येऊन गेली. शिफ्ट अशी येऊन जाऊन चालत नाही. दुसरी कळ दाबेपर्यंत ती खाली धरलेली लागते. मग दादाने त्याच्या वाजवायच्या कीबोर्डचा जुना पेडल घेतला, सूर लांबवायचा, आणि त्याच्या वायरीला बोटभर रुंदीचं एक सर्किट जोडलं. ते सर्किट कॉम्प्युटरला सांगे की मी एक कीबोर्ड आहे आणि माझ्यावर एकच कळ आहे, शिफ्ट. पाय खाली असेपर्यंत कळ खाली, पाय वर आला की कळ वर.

पहिल्या दिवशी ते उलटं झालं. पाय न लावताच सगळं शिफ्टचं उमटायला लागलं आणि पाय दाबला की सरळ. ‘कमल’ लिहायला गेले तर ‘खणळ’ आलं. दादा पोट धरून हसला. “उलट्या मतीचा हाय हा. काही पेडल असेच असतात, न दाबता जोडलेले अन् दाबले की तुटतात.” त्याने सर्किटमधल्या प्रोग्रामची एक ओळ बदलली आणि ते सरळ झालं.

महिनाभरात माझ्या डाव्या पायाला सवय झाली. ‘भ’ आला की तळवा आपोआप खाली जाई. करंगळीत हळूहळू जाणीव परत आली. मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “पाय लई इमानदार चीज हाय बाई. हाताले शिकवावं लागते, पाय आपला आपला शिकते.”

स्टेजवर दादाच्या पायाशी दोन पेडल असत. उजवा सूर लांबवायचा. डावा त्याने स्वतः बनवलेला, लाकडी फळीचा, खाली स्प्रिंग. त्याला पार्टीतले सगळे ‘बोलायचा पेडल’ म्हणत. दादाच्या तोंडाशी एक वाकवता येणारा माईक असे. त्याचा आवाज लोकांना ऐकू जात नसे, फक्त पार्टीच्या कानात घातलेल्या इअरफोनमध्ये जाई. दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले, म्हणून माईक उघडायचा तो पायाने. पेडल दाबून धरला की माईक उघडा, सोडला की बंद. गाणं चालू असताना दादा पाय दाबून म्हणायचा, “कडवं सोडा, सरळ धृपदावर या,” किंवा “ठेका उतरवा,” आणि पाय उचलायचा. लोकांना वाटे, यांचं न बोलता कसं जमतं.

पार्टीचे मुख्य गायक वयाने मोठे होते. शाळेत शिक्षक होते, निवृत्त झाले होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. दादाला हार्मोनियमवर पहिलं बोट त्यांनीच ठेवायला शिकवलं. पार्टी त्यांची, नाव त्यांचं. पण गेल्या काही वर्षांत त्यांचा श्वास पुरेनासा झाला होता. वरचा सूर लागेपर्यंत ते डोळे मिटून घेत आणि कोरसवाले तेवढ्यात तो सूर झाकून टाकत. हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं.

ते वर्ष मला नीट आठवतं, कारण त्याच वर्षी दादाची डावी चप्पल पायातून निसटायला लागली. चालता चालता ती मागे राहून जाई आणि चार पावलं गेल्यावर त्याला कळे. वहिनी म्हणायची, नवी घ्या. त्याने पट्ट्याची सँडल घेतली. मग पायऱ्या चढताना अंगठा ठेचकाळायला लागला. आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. कीबोर्ड, पेट्या, स्टँड उचलून उचलून कंबर धरली असेल, असं तोही म्हणे.

मालेगावजवळच्या एका गावात संध्याकाळचा कार्यक्रम होता. वहिनी आणि मी दोघी गेलो होतो. मी स्टेजच्या बाजूला साउंडवाल्याच्या टेबलाशी बसले होते. त्याच्याकडे जास्तीचा हेडफोन होता. कामाच्या सवयीने मी तो कानाला लावला. त्यात पार्टीच्या कानात जातं ते सगळं ऐकू येई.

तिसरं-चौथं गाणं असेल. मास्तर उंच सुरावर गेले आणि सूर खाली घसरला. दादाचा आवाज आला, “पुढच्या कडव्याले अर्धा सूर खाली घेतो मी. सांभाळा.” ते बरोबरच होतं, तो असं नेहमी करायचा. त्याने कीबोर्डचं एक बटण दाबलं, पट्टी उतरली, गाणं पुढे चाललं.

पण माईक बंद झाला नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत राहिला. वाजवताना तो नाकाने गुणगुणायचा, ते गुणगुणणं ऐकू आलं. मग मास्तरांनी उतरलेला सूरही सोडला, आणि दादा स्वतःशीच, कोणाशी बोलतो तसा नाही, म्हणाला, “संपले मास्तर. बसवा आता त्याईले घरी.”

ठेका धरणाऱ्या ऑक्टापॅडवाल्याने मान वर करून दादाकडे पाहिलं. कोरसमधल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांनी पाहिलं नाही. ते गात होते. शेवटचं कडवं त्यांनी पूर्ण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी हात जोडले. मग कानातला इअरफोन काढला, दादाच्या कीबोर्डवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “तोंडावर सांगतलं असतं तर बसलो असतो.”

माझ्या हेडफोनमध्ये हे सगळं स्पष्ट ऐकू आलं, कारण माईक अजून उघडाच होता. दादाने खाली पायाकडे पाहिलं. मग वाकून, उजव्या हाताने डावी पोटरी धरून, पाय पेडलवरून उचलून बाजूला ठेवला. माईक बंद झाला.

हे वाकणं मी पाहिलं होतं. पण त्या वेळी त्याचा अर्थ लावायची माझी तयारी नव्हती. सगळ्यांप्रमाणे मीही मास्तरांकडेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी दादा एवढंच म्हणाला, “पेडल अडकला. स्प्रिंग खराब झाली असंल.” वहिनी म्हणाली, “पेडल अडकला हे बरोबर हाय. पन बोलले तर तुमीच ना?”

पार्टीत दोन तट पडले. मास्तरांनी गाणं सोडलं. ते सोडल्यावर लोकांनी दादाला धरलं. ज्याने शिकवलं त्यालाच सर्वांसमोर घालवून दिलं, असं बोलणं झालं. तो पिऊन वाजवायला बसतो, असंही कोणी म्हणालं. तो स्टेजवर चढताना अडखळतो हे लोकांनी पाहिलं होतं ना. दादाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. हंगाम संपायच्या आधीच पार्टीने दुसरा कीबोर्डवाला पाहिला.

मला कामासाठी एक स्प्रिंग हवी होती म्हणून एक दिवस मी दादाचा बोलायचा पेडल उघडायला घेतला. जमिनीवर ठेवून हाताने दाबून पाहिला. तो दबला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे खाली गेला, आणि सोडल्याबरोबर माझ्या हाताला फेकून देत वर आला. खाली नेहमीची बारीक स्प्रिंग नव्हतीच. कुठल्या तरी गाडीच्या सामानातली जाडजूड स्प्रिंग बसवलेली होती, तिच्या खाली पत्र्याच्या चकत्या घालून ती आणखी ताठ केलेली. चकत्या एकसारख्या नव्हत्या. एक जुनी, एक त्याच्यानंतरची, एक अगदी नवी चकचकीत. म्हणजे हे एका दिवसाचं काम नव्हतं.

बोलायचा पेडल इतका जड कोणी कशाला करील? पेडल सुटत नव्हता म्हणून नाही. पेडल चांगला होता. पाय सुटत नव्हता. पाय उचलायची ताकद गेली होती, म्हणून पायाला वर ढकलायला त्याने स्प्रिंग लावली होती, आणि जसजशी ताकद जात गेली तसतशा चकत्या वाढवत गेला होता. त्या संध्याकाळी गुडघ्यापासूनचा सगळा भार पेडलवर आला आणि स्प्रिंगही कमी पडली.

मी पेडल घेऊन त्याच्याकडे गेले. तो ओट्यावर बसला होता.

“दादा, टाच जमिनीवर ठेव अन् पंजा उचल.”

“काहून?”

“उचल ना.”

त्याने उजवा पंजा उचलला.

“डावा.”

तो माझ्या हातातल्या पेडलकडे पाहत राहिला. डावा पंजा हलला नाही. बोटं किंचित थरथरली, तेवढंच.

“कवापासून?”

“दिवाळीपासून असंल,” तो म्हणाला. “मले वाटलं, वाजवत राह्यलो तर येईल परत. तुही करंगळी आली ना.”

“मंग सांगतलं काहून नाई? लोक काय काय बोलून राह्यले.”

“काय सांगू? पायाचं सांगतलं तर म्हन्तीन, बोललं तोंड अन् नाव पायाचं घेते. अन् ते खरंच हाय बाई. पायानं नुसता माईक उघडा ठेवला. बोललो मीच.”

वाशीमच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं, अकोल्याच्यांनी नागपूरला. नागपुरात त्याच्या पायात, हातात, जिभेतसुद्धा सुया टोचून तपासलं. डॉक्टरीण बाई वयाने लहान होत्या, पण त्यांनी लपवलं नाही. आजाराचं नाव लांबलचक होतं. स्नायू हलवणाऱ्या नसा एकामागून एक मरत जातात, म्हणाल्या. ऐकू येणं, दिसणं, कळणं, सगळं राहतं. हलणं जातं. मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषधाने थोडं लांबतं, थांबत नाही.

दादाने एकच प्रश्न विचारला, “हात कवा?”

त्या म्हणाल्या, सांगता येत नाही.

हात त्या पावसाळ्याच्या अखेरीस गेले. आधी उजवा. त्याने घरी वाजवणं सोडलं नव्हतं. सूर लांबवायचा पेडल काढून टाकला होता आणि लांबवायचे ते सूर बोटांनी दाबून धरायचा. मग बोटं कळांवरून घसरायला लागली. एके दिवशी त्याने कीबोर्डवर त्याचं कापड टाकायला वहिनीला सांगितलं आणि पुन्हा काढायला सांगितलं नाही. मी त्याच्या शेजारच्याच खोलीत टाइप करत बसत असे. दोन्ही पाय माझे चालू, आणि भिंतीपलीकडे तो. त्याने दिलेल्या पेडलवर माझा तळवा खाली-वर होई तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटायची. पण काम थांबवून चालणार नव्हतं.

मग बोलणं जड झालं. शब्द तोंडात चिकटल्यासारखे येत. बाहेरच्या माणसाला काही कळत नसे. मला कळे. वाईट रेकॉर्डिंगं ऐकण्यात माझी इतकी वर्षं गेली होती. पंख्याच्या घरघरीतून, बाजाराच्या गोंगाटातून शब्द उचलायचा हाच माझा धंदा. वहिनीला अर्धं कळे आणि उरलेल्यासाठी ती मला हाक मारी.

ऑक्टापॅडवाला अधूनमधून येई. मास्तर आले नव्हते. ते आले ते थंडीत, एका सकाळी, कोणाला न सांगता. दारात उभे राहिले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही इतके वाळले होते. दादाच्या खाटेजवळ खुर्ची दिली. ते बराच वेळ त्याच्या हातांकडे पाहत बसले.

दादा बोलायला लागला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या तोंडाजवळ कान नेला.

“काय म्हन्ते?”

मला काय ऐकू आलं ते मला कळलं होतं. मी दादाला हळूच म्हटलं, “राहू दे ना.” त्याने डोळ्यांनी ‘सांग’ म्हटलं. माझा नियम एकच, जे बोललं ते लिहायचं, आपल्या मनाचं घालायचं नाही, नको वाटतं ते गाळायचं नाही. मी मास्तरांना सांगितलं, “तो म्हन्ते, त्या दिवशी मी खोटं नाई बोललो. पन ते तुमाले ऐकवाचं नोतं. ऐकवाचं असतं तर तोंडावर बोललो असतो. तेवढी माफी द्या.”

मास्तर म्हणाले, “मले माहीत होतं. माहा आवाज मले नाई ऐकू येत का? मले राग बोलल्याचा नोता. मले वाटलं, तू मुद्दाम माईक उघडा ठेवला.”

दादाने ‘नाही’ म्हणून मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी.

“पायाचं मले नोतं माहीत,” मास्तर म्हणाले. एवढंच. त्यांनी चहा घेतला नाही. जाताना दादाच्या डाव्या पंजावरची चादर सरळ केली. पुढे ते बऱ्याचदा येत. गाणं मात्र त्यांनी पुन्हा म्हटलं नाही, आमच्या घरातही नाही.

त्या सुमारास हाक मारायचा प्रश्न आला. दादाचा आवाज इतका बारीक झाला की स्वयंपाकघरात तो पोचत नसे. ऑक्टापॅडवाल्याने उशीला एक छोटा माईक लावला आणि पुढच्या खोलीत स्पीकर ठेवला. एका दिवसात दादाने तो काढायला लावला. त्याचं खोकणं, लाळ गिळताना होणारा आवाज, सगळं घरभर ऐकू येत होतं. एकदा तो रडला तेही ऐकू आलं, आणि त्या वेळी शेजारच्या बाया आमच्या पुढच्या खोलीत बसलेल्या होत्या. मी धावत आत गेले तेव्हा त्याने मला म्हटलं, “पेडल लाव.”

ते मलाही सुचायला हवं होतं. त्याला हवं तेव्हाच माईक उघडला पाहिजे, इतर वेळी नाही. उजव्या पायात अजून थोडा जोर होता. उचलता येत नव्हतं, पण खाली दाबता येत होतं. खाटेच्या पायथ्याशी उशा लावून आम्ही त्याचा बोलायचा पेडलच तिरपा बसवला, त्याच्या तळव्याला टेकेल असा.

पण पेच स्प्रिंगचा होता. पाय मेल्यासारखा पेडलवर पडून राही, आणि त्या नुसत्या वजनाने माईक उघडून चालणार नव्हतं. म्हणजे स्प्रिंग पायाच्या वजनाहून ताठ हवी. आणि दादाने जोर केला की दबली पाहिजे, म्हणजे वजन आणि जोर मिळून होतात त्याहून मऊ हवी. त्या दोहोंमधली स्प्रिंग शोधायला मी आणि ऑक्टापॅडवाला दुकानांतून हिंडलो. शेवटी एका शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाली.

ती लागली आणि घरात दादाचा आवाज परत आला. तो पेडल दाबून वहिनीला ‘पानी’ म्हणे, मला ‘बाई’ म्हणे. मास्तर आले की ‘या’ म्हणे. चाल सुचली तर गुणगुणे आणि मी ती मोबाइलवर टिपून ऑक्टापॅडवाल्याला पाठवी. सूर धड लागत नव्हता, पण ठेका कळे. त्यातल्या एका चालीवर पार्टीने पुढे गाणं बसवलं. ते चांगले दिवस होते असं मी म्हणणार नाही, पण तेव्हा आम्हाला वाटलं की असंच बरेच दिवस चालेल.

पायाचं वजन तेवढंच राहिलं, जोर उतरत गेला. मी स्प्रिंग मऊ करत गेले. आधी एक चकती काढली, मग दुसरी. मग स्प्रिंगचा एक वेढा कापला. दर वेळी दोन बाजूंमधली जागा अरुंद होत होती. दादाला ते माझ्यापेक्षा आधी कळलं असणार. त्याने स्वतःच्या पायावर हेच उलट्या बाजूने केलं होतं.

मग एका दुपारी मी कितीही फिरवलं तरी जमेना. स्प्रिंग जरा ताठ केली की दादाच्याने दबत नव्हती. जरा मऊ केली की पायाच्या वजनानेच दबून राहत होती. पुढच्या खोलीतल्या स्पीकरवर माझ्या स्क्रू-ड्रायव्हरची खरखर येई, नाहीतर काहीच येत नसे. मधली जागा संपली होती. मी गुडघा, हनुवटी, गाल, सगळीकडे कळ लावून पाहिली. मुलाखती घेणाऱ्या एका अभ्यासक बाईंना विचारलं. त्यांनी डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या यंत्राबद्दल सांगितलं, पण ते मागवून हातात यायच्या आधी दादाचा श्वास उथळ झाला.

मी त्याच्याजवळ बसले. वहिनी पायथ्याशी उभी होती.

“दादा, आता दोनच होतीन. माईक उघडाच ठेवू, नाईतर बंदच ठेवू. उघडा ठेवला तर तुले काही झालं तर आमाले बाहेर ऐकू येईन.”

वहिनी म्हणाली, “उघडा ठेवा. काही झालं तर?”

मी म्हटलं, “उघड्यासाठी डोळे एकदा मिट. बंदसाठी दोनदा.”

त्याने दोनदा मिटले. मला वाटलं चुकून झालं असेल, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा दोनदा.

वहिनी रडली नाही. तिने बाहेरच्या खोलीतून तिची गादी आणली आणि त्याच्या खाटेला लागून जमिनीवर अंथरली. मी स्पीकरची वायर काढली.

त्यानंतर तो थोडेच दिवस राहिला. सकाळी वहिनी त्याचं तोंड पुसत असताना गेला. मी शेजारच्या खोलीत एका वकिलांचं रेकॉर्डिंग लिहीत होते. वहिनीने हाक मारली नाही, दारात येऊन उभी राहिली. मी उजवा पाय उचलला, रेकॉर्डिंग थांबलं.

मास्तर आले, पार्टीतले सगळे आले. वंदना झाली. नव्या कीबोर्डवाल्याने काही दिवसांनी विचारलं, बोलायचा पेडल मिळेल का. मी दिला. त्याआधी त्यात नेहमीची बारीक स्प्रिंग बसवली आणि त्याला सांगितलं, गाणं चालू असताना मधून मधून पायाकडे पाहत जा, आणि पाय जड वाटला तर लपवू नको, आधी सांग.

तो हो म्हणाला. त्याला काय कळलं असेल कोण जाणे.